शेकडे वेगळे, सुटे वेगळे

प्रश्न: ६५ चा वर्ग ४२२५ हे मला झटकन येतं, पाचने संपणाऱ्या संख्येत मी कधी चुकत नाही. पण ९८ × ९९ किंवा ८८ × ८७ असं शंभराजवळचं काही आलं की कधी बरोबर येतं, कधी भलतंच. एक संख्या शंभराच्या वर आणि एक खाली असेल तर सगळाच गोंधळ. नियम तर पाठ आहे, मग चुकतंय कुठे?

चुकतंय ते दोन तुकडे जोडताना. तुम्ही डावा तुकडा काढता, उजवा तुकडा काढता आणि दोन्ही शेजारी शेजारी लिहून मोकळे होता. पाचच्या वर्गात हे खपून जातं, कारण तिथे उजवा तुकडा कायम २५ असतो. बरोबर दोन अंकी, ना कमी ना जास्त. शंभराजवळच्या गुणाकारात मात्र उजवा तुकडा कधी एक अंकी येतो, कधी तीन अंकी येतो आणि कधी चक्क वजा येतो. पाचच्या वर्गाने लावलेली सवय इथे आडवी येते.

मी बरीच वर्षं मुलांना आणि मोठ्यांना तोंडी हिशोब शिकवतोय, आणि ही चूक इतक्या वेळा पाहिली आहे की हल्ली नियम सांगायच्या आधी मी तुकड्यांचा अर्थ सांगतो. डावीकडे आहेत शेकडे. उजवीकडे आहेत सुटे. ते एकमेकांना चिकटवायचे नसतात, त्यांची बेरीज करायची असते. एवढं डोक्यात बसलं की तुमच्या तिन्ही अडचणी एकाच जागी सुटतात. म्हणून जे तुम्हाला येतं तिथूनच सुरुवात करू.

६५ चा वर्ग म्हणजे ६५ बाजूचा एक चौरस समजा. त्याच्या वरच्या कडेची ५ रुंदीची एक पट्टी कापा. खाली उरला ६५ लांब आणि ६० उंच आयत, आणि हातात आली ६५ लांब आणि ५ रुंद पट्टी. ती पट्टी उभी करून आयताच्या उजव्या कडेला लावा. आयताची रुंदी आता ७० झाली. पण आयताची उंची ६० आहे आणि पट्टी ६५ लांब, म्हणजे पट्टीचं टोक ५ ने वर डोकावणार. हे डोकावणारं टोक ५ बाय ५ चं, म्हणजे २५. म्हणून ६५ × ६५ म्हणजे ६० × ७० आणि वर २५.

कागदाचा चौरस घेऊन हे एकदा खरोखर कापून पाहा. ‘दशकाला त्याच्या पुढच्याने गुणा आणि २५ लिहा’ या नियमातला प्रत्येक शब्द कुठून आला ते तिथे दिसतं. ६० × ७० म्हणजे ४२ शेकडे, म्हणून सहा साते बेचाळीस. आणि २५ हे सुटे, ते नेहमी तेवढेच, कारण टोक नेहमी ५ बाय ५ चंच असतं.

आता हे उत्तर मोठ्याने म्हणा. ‘चार हजार दोनशे पंचवीस’ असं म्हणू नका, ‘बेचाळीसशे पंचवीस’ म्हणा. मराठीत आपण ‘पंधराशे’, ‘बावीसशे’ असं सहज बोलतोच. तीच सवय नव्व्याण्णवशेपर्यंत ताणायची. या पद्धतीला याहून सोयीचं दुसरं काही नाही, कारण ‘शे’ म्हणताच तुम्ही शेकडे मोजले, आणि ‘शे’ नंतर येईल ते आपोआप सुटं ठरलं. लिहिताना जी चूक होते ती असं बोलताना होऊच शकत नाही. का, ते पुढे येईलच.

तीन अंकी संख्येलाही हाच नियम लागतो. १९५ चा वर्ग हवा असेल तर १९ × २० = ३८०, म्हणजे ३८० शेकडे आणि २५, उत्तर ३८०२५. दशांश चिन्ह असलं तरी फरक पडत नाही, ६.५ चा वर्ग ४२.२५. मर्यादा आहे ती डाव्या गुणाकाराची. ७८५ चा वर्ग करायचा तर ७८ × ७९ तोंडी करावं लागतं. ते ६१६२ येतं आणि उत्तर ६१६२२५, पण तिथे युक्तीने फक्त निम्मं ओझं उतरवलं, उरलेलं तुमच्याच डोक्यावर राहिलं.

या नियमाचं एक भावंडही आहे. दोन्ही संख्यांचं दशक सारखं आणि एककांची बेरीज १० असेल तर तोच नियम चालतो, फक्त २५ च्या जागी एककांचा गुणाकार येतो. ६३ × ६७ मध्ये सहा साते बेचाळीस आणि तीन साते एकवीस, बेचाळीसशे एकवीस. मग ६१ × ६९ किती? पटकन लिहिणारे इथे ४२९ लिहितात, कारण एक नवे नऊ हा एकच अंक आला आणि तो बेचाळीसच्या शेजारी चिकटला. बोलून पाहा: बेचाळीसशे नऊ. बेचाळीसशे नऊ आकड्यांत लिहायला सांगितलं तर ४२९ कुणीही लिहिणार नाही, ४२०९ च लिहील. उजवा तुकडा एक अंकी निघाला की काय होतं त्याचा हा पहिला नमुना. तुमच्या ९८ × ९९ मध्ये नेमकं हेच होतंय.

आता शंभराजवळ येऊ. ९७ × ९६ घ्या. तुम्हाला पाठ असलेला नियम असा असेल: शंभराला ९७ मध्ये ३ कमी, ९६ मध्ये ४ कमी. ९७ मधून ४ वजा केले की ९३, हा डावा तुकडा. तीन चोक बारा, हा उजवा. उत्तर ९३१२. बरोबर आहे. पण हे बारा मिळवायचे का, वजा का नाही करायचे, असं मी विचारलं की बहुतेकजण गप्प होतात.

कारण सोपं आहे. ९७ ला ९६ ने गुणायचं होतं, आपण सोयीसाठी १०० ने गुणलं. ९७०० झाले. म्हणजे ९७ चार वेळा जास्त घेतले गेले, ते परत काढायला हवेत. पण चार वेळा ९७ काढण्यापेक्षा चार वेळा १०० काढणं सोपं, म्हणून आपण ९७०० मधून ४०० काढतो आणि ९३०० वर येतो. इथेच ‘९७ वजा ४’ झालं. आता काढताना आपण दर वेळी ९७ ऐवजी १०० काढले, म्हणजे दर वेळी ३ जादा काढले, असं चार वेळा. ते जादा काढलेले १२ परत द्यायला हवेत. ९३०० आणि १२. उजवा तुकडा म्हणजे ही परतफेड.

एवढं कळलं की चिन्हांचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. पुढे एक संख्या शंभराच्या वर आणि एक खाली असेल तेव्हा याच परतफेडीकडे परत येऊ.

आधी एक अगदी साधी चूक, जी मला सर्वात जास्त दिसते. ८७ ला शंभरात किती कमी? घाईत पुष्कळजण २३ म्हणतात. आठाला दोन कमी, साताला तीन कमी, म्हणून तेवीस. दोन्ही अंक दहातून वजा केले, तिथे घोटाळा झाला. दशकाचा अंक नवातून आणि एककाचा दहातून वजा करायचा, म्हणजे एक आणि तीन, तेरा. ‘निखिलं नवतश्चरमं दशतः’ हे सूत्र तुम्ही ऐकलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच: सगळे नवातून, शेवटचा दहातून. मी मुलांना वर चढायला सांगतो. सत्त्याऐंशीला तीन मिळवले की नव्वद, नव्वदला दहा मिळवले की शंभर, झाले तेरा. मराठीत ‘सत्त्याऐंशी’ उच्चारताना सात आधीच कानावर पडतो, त्यामुळे एककापासून चढणं जिभेलाही सोयीचं पडतं.

ही चूक पकडायची सोय पद्धतीतच आहे आणि तिच्याकडे फार थोडे लोक बघतात. डावा तुकडा दोन प्रकारे काढता येतो: पहिलीतून दुसरीची कमी वजा करा किंवा दुसरीतून पहिलीची कमी वजा करा. दोन्ही उत्तरं सारखी यायलाच हवीत. ९७ वजा ४ म्हणजे ९३, ९६ वजा ३ म्हणजेही ९३. समजा ८८ × ८७ मध्ये तुम्ही ८७ ची कमी चुकून २३ धरली. मग ८८ वजा २३ येतील ६५, आणि ८७ वजा १२ येतील ७५. जुळलं नाही, म्हणजे कुठलीतरी कमी चुकली आहे, पुढे जाऊ नका. मात्र दोन्ही संख्यांत तीच दहाची चूक झाली, १२ ऐवजी २२ आणि १३ ऐवजी २३ धरले, तर दोन्हीकडे ६५ येतील आणि ही तपासणी काही बोलणार नाही. म्हणून तोंडी करताना मी प्रत्येक कमी तिच्या संख्येत मिळवून शंभर होतात का ते एकदा बघतोच. त्याला क्षणही लागत नाही.

आता तुमची तिन्ही उदाहरणं.

९८ × ९९. कमी २ आणि १. डावा तुकडा ९७, उजवा दोन एके दोन. सत्त्याण्णवशे दोन. लिहिताना ९७०२. माझ्या वर्गात एका मुलीने याचं उत्तर ९७२ लिहिलं होतं. मी चूक दाखवली नाही, फक्त म्हटलं, जे काढलंस ते ‘शे’ लावून बोल. ती ‘सत्त्याण्णवशे दोन’ म्हणाली, वहीकडे पाहिलं आणि स्वतःच मध्ये शून्य घातलं. तिला ‘एक अंक आला तर आधी शून्य लाव’ असा आणखी एक नियम देता आला असता, पण मग पुढच्या उदाहरणासाठी अजून एक द्यावा लागला असता.

ते पुढचं उदाहरण म्हणजे ८८ × ८७. हे मी डोक्यात ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहितो. आधी कमी: अठ्ठ्याऐंशीला बारा, सत्त्याऐंशीला तेरा. मग शेकडे: ८८ वजा १३, पंच्याहत्तर. लगेच दुसऱ्या बाजूने: ८७ वजा १२, पंच्याहत्तर. जुळलं. इथे मी ‘पंच्याहत्तरशे’ असं मनात म्हणून ठेवतो, कारण पुढचा गुणाकार करताना हा आकडा निसटण्याची भीती असते. मग सुटे: १२ × १३. बारा बारे एकशे चव्वेचाळीस आणि वर एक बारा, एकशे छप्पन्न. आता बेरीज: पंच्याहत्तरशे आणि एकशे छप्पन्न. एकशे छप्पन्नातला एक शेकडा शेकड्यांत गेला, शहात्तरशे छप्पन्न. उत्तर ७६५६.

लिहून करणारा माणूस इथे ७५ च्या पुढे १५६ चिकटवतो आणि ७५१५६ लिहितो. किंवा शंभरातला एक विसरून ७५५६ लिहितो, आणि ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण ते उत्तर दिसायला अगदी खरं वाटतं. बोलताना ‘पंच्याहत्तरशे आणि एकशे छप्पन्न’ असं एका दमात येतं, त्यातले दोन ‘शे’ एकमेकांना हाक मारतात आणि हातचा विसरता येत नाही.

तिसरं, वर आणि खाली. १०६ × ९७. पहिली शंभराहून ६ ने जास्त, दुसरी ३ ने कमी. डावा तुकडा: १०६ वजा ३, म्हणजे १०३. उलट बाजूने ९७ अधिक ६, तेही १०३. आता सुटे १८, पण मिळवायचे की काढायचे? परतफेडीचा हिशोब आठवा. १०६ ला ९७ ने गुणायचं होतं, १०० ने गुणलं, १०६०० झाले. १०६ तीन वेळा जास्त घेतले गेले, ते काढायचे आहेत. आपण सोयीसाठी तीन वेळा १०० काढले. पण या वेळी काढायचे होते १०६ आणि काढले १००, म्हणजे कमीच काढले, दर वेळी ६ ने. ते १८ अजून काढायचे राहिलेत. म्हणून १०३०० वजा १८, म्हणजे १०२८२. इथे परत द्यायचं काही नाही, उलट आणखी घ्यायचं आहे. १०३१८ लिहिणारा माणूस नियम विसरलेला नसतो, त्याला हे घेणं-देणं कुणी सांगितलेलं नसतं.

दोन्ही संख्या शंभराच्या वर असल्या तर पुन्हा मिळवायचंच. १०७ × १०४: १११ शेकडे आणि २८, म्हणजे १११२८. तिथे कुणी फारसं अडत नाही, म्हणून तिथे थांबत नाही.

उत्तर पडताळण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे एक फसवी जागा आहे. शाळेत नऊचा ताळा शिकवतात: अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जायची आणि दोन्ही बाजू जुळतात का पाहायचं. ताळा चांगलाच आहे, पण या पद्धतीत ज्या चुका होतात नेमक्या त्याच त्याला दिसत नाहीत. ९७०२ ची बेरीज १८, चुकलेल्या ९७२ चीही १८. शून्य हरवल्याने अंकांच्या बेरजेत काय फरक पडणार? ७६५६ ची बेरीज २४, आणि चिकटवून लिहिलेल्या ७५१५६ चीही २४. ताळा दोन्हींना पास करतो. कारण नऊच्या दृष्टीने शंभरानेही १ उरतो, दहानेही १ आणि हजारानेही १. तुकडा कुठल्या घरात पडला हे नऊला कळतच नाही, आणि आपली सगळी चूक घराचीच आहे.

म्हणून इथे मी आधी आकार पाहतो आणि मग एकक. ९८ × ९९ हे दहा हजारांच्या किंचित खाली असणार, ९७२ कसं असेल? ८८ × ८७ हे ९० × ८७ पेक्षा, म्हणजे ७८३० पेक्षा कमीच असणार, ७५१५६ बादच. एककासाठी फक्त शेवटचे अंक गुणायचे. १०६ × ९७ मध्ये सहा साते बेचाळीस, म्हणजे उत्तर २ ने संपायला हवं, आणि १०३१८ संपतं ८ ने. चिन्हाची चूक बहुतेकदा अशी एककातच पकडली जाते. ‘बहुतेकदा’ म्हणतोय, कारण सुट्यांचा गुणाकार ५ किंवा १० च्या पटीत असेल तर मिळवा नाहीतर वजा करा, शेवटचा अंक तोच राहतो. १०५ × ९७ पाहा: बरोबर उत्तर १०१८५, चिन्ह चुकलं तर १०२१५, दोन्ही ५ नेच संपतात. ७५५६ सारखी, हातचा विसरण्याची चूक मात्र आकारातही दिसत नाही आणि एककातही नाही. ती नऊचा ताळा पकडतो: ८८ चे सात, ८७ चे सहा, गुणाकार ४२, म्हणजे सहा उरायला हवेत, आणि ७५५६ चे पाच उरतात. म्हणजे ताळा टाकून द्यायचा नाही, फक्त तो एकटा पुरत नाही.

आता ही पद्धत कुठे सोडून द्यायची तेही सांगतो. ७३ × ६८ घ्या. कमी २७ आणि ३२. डावा तुकडा ४१ लगेच मिळाला, पण सुट्यांसाठी २७ × ३२ करायचंय, आणि ते मूळ गुणाकाराइतकंच अवघड आहे. ८६४ आलं तरी वर ४१०० त मिळवायचं, ४९६४. याहून ७३ × ७० करून ५११० आणि त्यातून दोनदा ७३, म्हणजे १४६ वजा करणं हलकं आहे. माझा स्वतःचा निकष असा: दोन कमींचा गुणाकार मला पाढ्यातून किंवा एका पायरीत येत असेल तरच शंभराचा आधार घ्यायचा. साधारणपणे दोन्ही कमी पंधराच्या आत असल्या की निर्धास्त. एक कमी फारच लहान असेल तर दुसरी मोठी असली तरी चालतं, पण मग सरळ रस्ता तितकाच सोपा असतो. ९८ × ६७ मध्ये तुम्ही पासष्टशे आणि सहासष्ट म्हणा किंवा सदुसष्टशे वजा एकशे चौतीस म्हणा, दोन्ही ६५६६ वरच येतात.

शंभरच आधार हवा असंही नाही. ४७ × ४६ साठी ५० धरा: कमी ३ आणि ४, डावा तुकडा ४३. पण आता ते ४३ शेकडे नाहीत, ४३ पन्नास आहेत, म्हणजे २१५०. त्यात १२, म्हणजे २१६२. हजाराचा आधार घेतला तर सुट्यांना तीन घरं मिळतात: ९९४ × ९८८ मध्ये ९८२ हजार आणि सहा बारे बहात्तर, ९८२०७२. ‘शे’ च्या जागी ‘हजार’ आलं, एवढाच फरक.

तुम्ही पाचच्या वर्गाला आणि शंभराजवळच्या गुणाकाराला दोन वेगळे नियम समजता, म्हणून एक गोष्ट दाखवतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत वर्ग काढण्याची एक रीत दिली आहे: संख्येतून मनाजोगता एक आकडा वजा करा, तोच आकडा संख्येत मिळवा, या दोन्हींचा गुणाकार करा आणि त्या आकड्याचा वर्ग वर घाला. आता ६५ साठी मनाजोगता आकडा ५ निवडा: ६० × ७० आणि २५. हा तुमचा पाचचा वर्ग झाला. ८८ साठी १२ निवडा: ७६ × १०० आणि १४४, म्हणजे शहात्तरशे आणि एकशे चव्वेचाळीस, ७७४४. हा शंभराजवळचा गुणाकार झाला. कापलेली पट्टी तीच, फक्त तिची रुंदी आपल्या सोयीने निवडली. आकडा असा निवडायचा की वजा केलेल्या किंवा मिळवलेल्यापैकी निदान एक संख्या गोल व्हावी. पाचने संपणाऱ्या संख्येत ५ निवडला की दोन्ही गोल होतात, म्हणून ती युक्ती इतकी देखणी वाटते. आणि त्यात डोकावणारं टोक कायम दोन अंकी असल्यामुळे शेकडे आणि सुटे यांतला फरक तिने तुम्हाला कधी जाणवूच दिला नाही.

सरावासाठी उदाहरणं निवडताना सोपी एका ढिगात आणि अवघड दुसऱ्या ढिगात अशी घेऊ नका. ढीग वेगळे केले की हात आधीच ठरवतो की आता शून्य लावायचंय, आता हातचा आहे. ९६ × ९८, मग ८९ × ८६, मग १०४ × ९३ अशी मिसळून घ्या आणि पहिले काही दिवस एकही आकडा लिहू नका, फक्त बोला. कागद आला की जुनी चिकटवायची सवय परत येते.

एक उदाहरण शेवटी करून दाखवतो, ज्यात तुमचे सगळे अडथळे एकत्र येतात: ११८ × ८६. पहिली १८ ने जास्त, दुसरी १४ ने कमी. शेकडे: ११८ वजा १४, एकशे चार. उलट बाजूने ८६ अधिक १८, एकशे चार. दहा हजार चारशे. सुटे: १८ × १४, आणि इथे भास्कराचार्यांची रीत उलटी वापरा: मधली संख्या १६, तिचा वर्ग २५६, दोन्हीकडे अंतर २, त्याचा वर्ग ४ वजा केला, २५२. एक वर, एक खाली, म्हणजे अजून काढायचे राहिलेत. दहा हजार चारशे वजा दोनशे बावन्न: दोनशे गेले, दहा हजार दोनशे, बावन्न गेले, दहा हजार एकशे अठ्ठेचाळीस. एकक पाहा, आठ सक अठ्ठेचाळीस, ८ ने संपायला हवं, संपतंय. आकार पाहा, १२० × ८६ म्हणजे १०३२०, त्याहून थोडं कमी हवं, आहे. १०१४८.